परागची आई म्हणजे ‘आई’ नव्हे

नमस्कार, श्रोतेहो. आमच्या गावच्या वाचनालयात गणपतीच्या दिवसांत प्रश्नमंजूषा होते, आणि तिच्या तयारीसाठी पोट्टे माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी ही मंडळी तालुक्याच्या स्पर्धेत एका प्रश्नावर अडली. तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

प्रश्न असा होता. “‘वाडा चिरेबंदी’ या नाटकातलं पात्र ओळखा. हिचा नवरा घरची शेतीवाडी पाहतो. मुलगा काही कामधंदा करत नाही. मुंबईचा नोकरदार हिचा दीर.” आमच्या पोरांनी उत्तर लिहिलं ‘आई’, आणि ते चुकलं.

महेश एलकुंचवारांचं हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आलं. त्यातलं धरणगावच्या देशपांड्यांचं घर आपल्याला परकं नाही, ते आपल्या वऱ्हाडातलंच आहे. घरातले वडील तात्याजी वारलेत आणि त्यासाठी घरचे वाड्यात जमतायत, तिथून नाटक सुरू होतं. त्यांचा थोरला मुलगा भास्कर गावीच राहून शेतीवाडी पाहतो. मधला सुधीर मुंबईला नोकरीला आहे, त्याची बायको अंजली कोकणस्थ घरातली. प्रभा ही त्यांची बहीण. तिचं लग्न झालेलं नाही, आणि शिकायची इच्छा असून तिला पुढे शिकू दिलं नाही. त्यांचा भाऊ चंदू राबतो घरासाठी, पण त्याची स्वतःची अशी नोकरी किंवा धंदा नाही. भास्करची मुलं पराग आणि रंजू, सुधीरचा मुलगा अभय. वर तात्याजींची विधवा ‘आई’, आणि तिच्याही वर तात्याजींची म्हातारी आई, ‘दादी’.

आता पोरांची चूक नेमकी कुठे झाली ते बघा. नवरा शेतीवाडीचा मालक, एक मुलगा बिनकामाचा, या दोन गोष्टी ‘आई’ला अगदी चपखल बसतात. तात्याजींची शेती होतीच, आणि चंदूला नोकरी-धंदा नाही. पण त्या भास्करच्या बायकोलाही तशाच बसतात, कारण तिचा पराग काही करत नाही. तिला सगळे ‘वहिनी’ म्हणतात. कामधंद्याची खूण दोघींना सारखीच लागू पडली, म्हणून ती एकटी घेऊन कुणालाच ओळखता येत नाही. दोघींना वेगळं करणारा शब्द एकच, तो म्हणजे ‘दीर’. मुंबईचा सुधीर ‘आई’चा पोटचा मुलगा आहे, ‘वहिनी’चा तो दीर. शिवाय प्रश्नात ‘पाहतो’ असं म्हटलंय. तात्याजी तर नाटक सुरू होण्याआधीच गेलेत, त्यांच्याबद्दल ‘पाहायचे’ असं आलं असतं. क्रियापदाचा काळ हीसुद्धा खूण असते, आणि पोरं ती नेमकी वाचायची सोडून देतात.

पण मला वाटतं, खरा गोंधळ याच्याही आधीचा आहे. या नाटकात काही मोठ्या माणसांची नावं ही नावं नाहीतच, ती हाक मारायची नाती आहेत. आई, दादी, वहिनी. मग ही हाक कुणाच्या तोंडची, हे आधी ठरवायला हवं. भास्करची बायको परागला ‘वहिनी’ कशी असेल? ती सुधीर, प्रभा, चंदू यांची वहिनी. ‘आई’ ही त्यांचीच आई आणि तात्याजींची म्हातारी आई ही त्यांचीच आजी. म्हणजे ही सगळी नावं मधल्या पिढीच्या, त्यातही भास्करच्या धाकट्या भावंडांच्या जागेवरून दिलेली आहेत. एकदा ही जागा सापडली की “परागची आई कोण?” या प्रश्नाचं उत्तर ‘वहिनी’ येतं आणि “परागची आजी कोण?” याचं उत्तर ‘आई’ येतं. “सुधीरची आजी?” असं विचारलं, तर दादी. वाड्यात आजी दोन, सासवाही दोन. वहिनी-अंजलीची सासू ‘आई’, आणि ‘आई’ची सासू दादी. म्हणून ‘आजी’ किंवा ‘सासू’ दिसली की आधी कुणाची, हे विचारायचं.

चुकून परत आल्यावर मी पोरांना वाचनालयाच्या ओट्यावर बसवलं आणि फरशीवर खडूनं तीन आडव्या ओळी काढल्या. वरच्या ओळीत दादी. दुसऱ्या ओळीत तात्याजी आणि ‘आई’. तिसऱ्या ओळीत भास्कर, सुधीर, प्रभा, चंदू, आणि दोघा लग्न झालेल्यांच्या शेजारी त्यांच्या बायका. खाली जागा पुरली नाही, म्हणून पराग, रंजू आणि अभय पायरीवर उतरवले. नावाखाली कंसात काम लिहिलं, पण नात्याची रेघ आधी ओढायची आणि काम नंतर, असा नियम केला. एका पोरीनं लगेच विचारलं, “अभय भास्करला काय म्हणत असेल? काका?” आपल्याकडे बापाच्या थोरल्या भावाला ‘मोठे बाबा’ म्हणतात, मी तेच लिहायला सांगितलं. त्यामुळे तिला भास्कर आणि चंदू आपोआप वेगळे झाले, कारण एक मोठे बाबा आणि दुसरा काका.

मराठीतली नाती या कामाला फार उपयोगी पडतात, कारण ती कुणाच्या बाजूची ते शब्दातच सांगतात. पराग हा सुधीरचा पुतण्या आणि प्रभाचा भाचा. मुलगा तोच, पण बोलणारा भाऊ की बहीण यावर शब्द बदलला. म्हणून “अविवाहित आहे, दोन भाचे आहेत, एक भाऊ मुंबईला नोकरीला” असं आलं तर ती प्रभाच. रंजूचं इथे काही चालत नाही.

प्रभा आणि रंजू यांच्यात पोरं फार घोळ घालतात. दोघी लग्न न झालेल्या, दोघी वाड्यातल्या, आणि दोघींच्या गोष्टीत शिक्षण येतं. त्यात मास्तराची खूण आली की ते घरातला मास्तर शोधत बसतात. घरात मास्तर कुणीच नाही. रंजूला इंग्रजी शिकवायला येणारा मास्तर बाहेरचा आहे आणि ती त्याच्याबरोबरच घरचे दागिने घेऊन पळून जाते. धंद्याची खूण घरच्या माणसाची आहे की घराशी संबंध आलेल्या बाहेरच्याची, हे त्यासाठी बघावं लागतं. मुंबईच्या नोकरदाराला ती मुलगी भाऊ म्हणते की काका, एवढं पाहिलं तरी प्रभा आणि रंजू सुटतात.

उलटंही होतं. नातं बरोबर असलं तरी माणूस एकच असेल असं नाही. “रंजूचा काका कोण?” म्हटलं तर दोन नावं, सुधीर आणि चंदू. इथे मात्र कामावरून ठरवावं लागतं. मुंबईत नोकरी असेल तर सुधीर, घरातच राबत असेल तर चंदू.

यानंतर ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ हे याच घराचे पुढचे भाग. त्यांच्यावरचा प्रश्न असला तर आणखी जपून. मधे वर्षं गेलेली असतात, पहिल्या भागात रिकामा असलेला पराग पुढे तसाच राहत नाही. नात्याची रेघ तीच राहते, नावाखालचा कंस तेवढा पुसून नव्यानं लिहावा लागतो. आमच्या ओट्यावर यंदा तीन रंगांचे खडू आहेत, भागागणिक एक.