आठवड्याचे १६८ तास आणि एक चौकटीचा कागद

(एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्रात दिलेले व्याख्यान. संपादित.)

मागच्या वर्षी याच वर्गात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे वेळापत्रक घेऊन आली होती. रंगीत पेनांनी काढलेलं, सुंदर. रोज आठ तास अभ्यास, म्हणजे आठवड्याला ५६ तास. तयारी एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेची. मी विचारलं, किती दिवस पाळलंस? म्हणाली, "सर, सोमवार आणि मंगळवारी दुपारपर्यंत." मंगळवारी प्रॅक्टिकल होतं. ते वेळापत्रकात कुठेच नव्हतं.

आज मी तिच्याच कागदावर बोलणार आहे, कारण तुमच्यापैकी बहुतेकांची परिस्थिती तिच्यासारखी आहे. गाव तालुक्यापासून लांब, एसटीचा पास, सकाळचं कॉलेज, घरची कामं, आणि अभ्यासिकेत दिवसभर बसता येईल अशी सोय नाही. पुण्यात खोली घेऊन पूर्णवेळ तयारी करणाऱ्या मुलाचं वेळापत्रक तुम्ही उतरवून घेतलंत, तर ते मंगळवारी दुपारीच मोडणार.

आम्ही पहिल्यांदा एक कोरा कागद घेतला. वर सात रकाने, वारांचे. डावीकडे पहाटे साडेपाचपासून रात्री साडेदहापर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी. उरलेले सात तास झोपेचे, ते कागदावर आणायचेच नाहीत, म्हणजे त्यांच्यातून उसने घेण्याचा मोहच होत नाही. अशा ३४ ओळी होतात, म्हणून आठवड्याचे चौकोन झाले २३८. अर्धा तास हे माप मी मुद्दाम घेतो. एक तासाचा चौकोन केला की वीस मिनिटांची दिरंगाई त्यात लपून जाते, आणि पंधरा मिनिटांचा केला तर कागद भरण्यातच संध्याकाळ जाते.

आता या कागदावर अभ्यास लिहायचा नाही. आधी जे हलणार नाही ते शाईने भरायचं. तिचं असं होतं: साडेपाच ते साडेसहा आवरणं आणि घरचं थोडं काम. साडेसहाला घराबाहेर, एसटी, आठला तास. साडेबाराला सुटून परत घरी दोन. जेवून तीन. संध्याकाळी सहा ते सात स्वयंपाकात आईला मदत, आठ ते नऊ जेवण आणि घरच्यांबरोबर बसणं. मंगळवारी आणि गुरुवारी प्रॅक्टिकल, डबा कॉलेजातच, आणि घरी पोहोचायला साडेपाच. मग सहापर्यंत टेकायचं. रविवारी कपडे, पाणी, पाहुणे.

सगळं भरल्यावर आम्ही पांढरे चौकोन मोजले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार प्रत्येकी ११. प्रॅक्टिकलच्या दोन दिवशी पाच-पाच. रविवारी १९. एकूण ७३, म्हणजे साडेछत्तीस तास. ५६ तास तिच्या आठवड्यात नव्हतेच. तिने सोमवारीच हरायचं ठरवून सुरुवात केली होती, आणि दोष मात्र स्वतःच्या मनोबलाला देत होती. हे मला फार लागलं.

पण थांबा, ७३ हा आकडाही अजून वापरायचा नाही. रिकामा चौकोन म्हणजे अभ्यासाचा चौकोन नव्हे. मी तिला सांगितलं, एक आठवडा काहीही ठरवू नकोस. रोजच्यासारखा अभ्यास कर, आणि ज्या अर्ध्या तासात पुस्तक खरोखर उघडं होतं आणि फोन बंद होता, तो चौकोन पेन्सिलीने रंगव. रविवारी रात्री मोजले, ४४. बाकीचे गाडी उशिरा आल्यात, दुपारच्या पेंगेत, मैत्रिणीच्या फोनमध्ये गेले. यात आळस नाही, हा तिचा आठवडा आहे. म्हणून योजना ४४ चौकोनांचीच करायची आणि उरलेले २९ कोरे ठेवायचे.

यावर ती माझ्याशी भांडली. एवढा वेळ मोकळा सोडायचा? मी म्हटलं, तो मोकळा नाही, तो बदलीचा आहे. बुधवारी घरी कुणी आजारी पडलं आणि चार चौकोन गेले, तर ते दोन दिवसांच्या आत याच कोऱ्या जागांत बसवायचे. बसले नाहीत तर सोडून द्यायचे. पुढच्या आठवड्यात ते ओढून न्यायचे नाहीत. ज्या वेळापत्रकात कोरी जागा नसते, त्यात एका दिवसाची चूक पुढच्या सगळ्या दिवसांना ढकलत जाते आणि गुरुवारी माणूस कागद फाडतो.

आता वाटणी. ४४ पैकी आठ आधी कॉलेजला दिले: जर्नल, असाइनमेंट, अंतर्गत चाचणी. पदवीशिवाय या परीक्षेचा पुढचा रस्ता नाही, त्यामुळे हे चौकोन "उरलेल्या वेळात" टाकू नका. राहिले ३६. त्यातले १४ दोन मोठ्या विषयांना, एका वेळी दोनच, त्या महिन्यात राज्यघटना आणि भूगोल. सहा अंकगणित-बुद्धिमत्तेला, सोमवार ते शनिवार रोज एक. चार चालू घडामोडींना. आठ उजळणीला. आणि चार रविवारच्या पेपरला. संयुक्त पूर्व परीक्षेत १०० प्रश्न आणि एक तास, म्हणून दोन चौकोन पेपर सोडवायला आणि तेवढेच तो तपासायला. चार चुकीच्या उत्तरांमागे एका बरोबर उत्तराचे गुण जातात, त्यामुळे तपासताना नुसते गुण मोजायचे नाहीत. जे उत्तर अंदाजाने दिलं त्यावर खूण करायची आणि अंदाजाने किती कमावलं, किती घालवलं ते वेगळं काढायचं. हे दोन चौकोन लोक गाळतात, आणि मग दहा पेपर सोडवूनही गुण तिथेच राहतात.

कुणी राज्यसेवेची तयारी करत असेल तर वाटणी वेगळी होईल. तिथली मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणून हाताने उत्तर लिहिण्याला स्वतंत्र चौकोन लागतील. आज त्यात जात नाही.

नवं वाचन कुठे टाकायचं याचा एकच नियम मी पाळतो: सलग चार चौकोन मिळतील तिथेच. म्हणून तिचे मोठे विषय सोमवार, बुधवार, शनिवारच्या दुपारी गेले, आणि दोन चौकोन रविवारी. कॉलेजची कामं शुक्रवारी दुपारी आणि रविवारी. मंगळवार-गुरुवारी प्रयोगशाळेत तीन तास उभं राहून आलेल्या मुलीला रात्री नवीन प्रकरण उघडायला सांगणं अन्याय आहे. त्या दिवशी फक्त अंकगणिताचा एक चौकोन आणि उजळणीचे दोन. एसटीतला वेळ मी मोजतच नाही. त्या रस्त्यावर पुस्तक धरून डोळे दुखतात. पुस्तक न उघडता काल वाचलेलं मनात आठवायचं, झालं तर झालं.

चौकोनात "राज्यघटना" असं लिहू नका. सोमवारच्या चौकोनांत तिने लिहिलं: मूलभूत हक्क, कलम १२ ते ३५, मग मागील वर्षांचे ३० प्रश्न. मंगळवारी रात्री उजळणीत: कालचे चुकलेले प्रश्न. रविवारी: कोऱ्या कागदावर १२ ते ३५ न बघता लिहिणे. म्हणजे एकच मजकूर आठवड्यात तीनदा समोर येतो, आणि तिन्ही वेळा वेगळं काम करायचं असतं. नुसतं "वाचन" लिहिलं की चौकोन संपला की नाही हे आपल्यालाच ठरवता येत नाही.

आता या सगळ्यात मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. वेळापत्रक करणारे पुष्कळ, ते वाचणारे थोडे. प्रत्येक चौकोन संपला की बरोबरची खूण, अर्धवट झाला तर तिरकी रेघ, नाहीच झाला तर गोल. रविवारी रात्री दहा मिनिटं फक्त गोल बघायचे आणि ते कोणत्या दिशेने पडलेत ते पाहायचं.

तिच्या पहिल्या आठवड्यात ४४ पैकी ३१ झाले. उरलेल्या १३ पैकी पाच गोल आडव्या दोन ओळींतच होते, तीन ते साडेतीन आणि रात्री नऊची. आडवी ओळ म्हणजे वेळेचा दोष. पहाटे साडेपाचला उठून, गाडीने येऊन-जाऊन जेवल्यावर तीन वाजता झोप येणारच. आम्ही तीन ते साडेतीन चक्क "झोप" लिहिलं आणि मोठा विषय साडेतीन ते साडेपाच केला. रात्री नऊला तिने चालू घडामोडी ठेवल्या होत्या, त्या संध्याकाळी साडेपाचला आणल्या आणि रात्री उजळणी ठेवली.

चार गोल उभे होते, सगळे शुक्रवारच्या रकान्यात. उभा रकाना म्हणजे त्या दिवसाचा दोष. विचारल्यावर कळलं की शुक्रवारी तालुक्याचा आठवडी बाजार, दुपारच्या गाडीत जागा मिळत नाही, पुढच्या गाडीने यावं लागतं. जर्नलचं काम म्हणून आम्ही कॉलेजच्या ग्रंथालयात, गाडीची वाट बघतानाच करायचं ठरवलं.

आणि चार गोल विखुरलेले, पण सगळे अंकगणिताचे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, तरी तोच विषय. हे ओळखणं अवघड असतं, कारण प्रत्येक वेळी कारण वेगळं दिसतं. पण विषय न बघता नुसती वेळ बदलत राहिलात तर काही उपयोग नाही. तिला शेकडेवारी आणि गुणोत्तर कच्चं होतं. नुसते सराव प्रश्न समोर आले की ती टाळत होती. आम्ही बालभारतीची शाळेची गणिताची पुस्तकं काढली आणि दोन आठवडे त्या रोजच्या चौकोनात फक्त तेवढीच प्रकरणं, उदाहरणासकट. तिसऱ्या आठवड्यात अंकगणिताचा एकही गोल नव्हता आणि एकूण ३९ चौकोन झाले.

एक अडचण राहते, सेमिस्टर परीक्षेची. तिच्यासाठी वेगळा कागद आधीच करून ठेवायचा. परीक्षेआधीचे साधारण चार आठवडे वाटणी उलटी: ४४ पैकी ३४ कॉलेजला, १० स्पर्धा परीक्षेला. त्या दहांत रोजचं अंकगणित सहा, चालू घडामोडी दोन, उजळणी दोन. नवं वाचन नाही, रविवारचा पेपर नाही. बरेच जण या महिन्यात तयारी पूर्ण थांबवतात आणि मग सुट्टीत पुन्हा कलम १२ पासून सुरू करतात. तिने तसं केलं नाही. शेवटचा पेपर शनिवारी संपला, रविवारी सकाळी अकराला ती संयुक्तचा जुना पेपर घेऊन बसली आणि सोमवारी दुपारी साडेतीनला भूगोलाचं जिथे थांबलं होतं तेच पान उघडलं.

आता कागद काढा. आधी फक्त शाईने भरायचं ते भरा, तोवर मी बाकांमधून फिरतो.