मरीन ड्राइव्हवरची आतषबाजी: उजेडाचा हिशेब

मलबार हिलवरून, कमला नेहरू पार्कच्या बाजूने टिपलेलं हे मरीन ड्राइव्ह. चौपाटीपासून नरिमन पॉइंटकडे वळत गेलेली दिव्यांची रांग आणि तिच्या कुशीत बॅक बेचं काळं पाणी. आकाश मात्र रिकामं. दिवाळीच्या पोस्टरसाठी त्यात आतषबाजी बसवायची आहे, आणि ती टिपली आहे दुसऱ्याच रात्री, दुसऱ्याच मैदानावर.

पहिलं काम सोपं आहे. आतषबाजीचा लेयर वर ठेवायचा आणि त्याचा ब्लेंड मोड 'स्क्रीन' करायचा. या मोडमध्ये वरचा लेयर खालच्याला फक्त उजळ करतो. 0 ते 255 च्या मोजपट्टीवर पूर्ण काळा पिक्सेल, म्हणजे 0, काहीच भर घालत नाही, म्हणून काळं आकाश आपोआप नाहीसं होतं.

पण मैदानावरचं आकाश खरंच काळं होतं का? धुरामुळे तिथला आकडा 25 च्या आसपास भरतो. मुंबईच्या आकाशाचा 40 धरला, तर स्क्रीनमध्ये त्याचे 61 होतात. पडद्यावर एक फिकट चौकोन उमटतो, आणि त्याची सरळ कड नजरेतून सुटत नाही. उपाय लेव्हल्समध्ये आहे. चित्राचे चारही कोपरे 0 होईपर्यंत काळ्याचा स्लायडर आत सरकवायचा, आणि ठिणग्यांची बारीक टोकं गिळली जायला लागली की तिथेच थांबायचं. कडेला उरलेला धूर मऊ ब्रशने मास्कमध्ये पुसून घ्यावा. आकाशात फुटलेल्या ठिणग्यांच्या फुलाजवळचा थोडा धूर मात्र राहू द्यावा. तो गेला की ठिणग्या कागदावर चिकटवल्यासारख्या दिसतात.

आता ठरवायचं, हे फूल फुटलं कुठे? आपण ते बॅक बेच्या मध्यावर, पाण्यावर फोडलं आहे. त्यामुळे त्याच्या ठिणग्या पलीकडच्या इमारतींच्या पुढून जातात आणि मास्क लागत नाही. ते इमारतींमागे फोडलं असतं, तर इमारतींचा मास्क हवाच होता, नाहीतर ठिणग्या काँक्रीटमधून आरपार दिसल्या असत्या.

पाण्यातल्या प्रतिबिंबाचा प्रश्नही याच जागेवर सुटतो. लेयरची प्रत उभी उलटवली की बरेच जण ती समोरच्या किनाऱ्याच्या रेषेला टेकवतात. पण आरशाची रेषा किनाऱ्यावर नसते, ती असते फुलाच्या बरोबर खाली, पाण्यावरच्या बिंदूवर. कॅमेरा सरळ धरलेला असेल, तर त्या बिंदूपासून फूल जितकं वर, तितकंच त्याचं प्रतिबिंब खाली. उंच फुलाचं प्रतिबिंब चौकटीबाहेर जातं आणि उरते फक्त त्याची लांबट शेपटी.

लाटांमुळे प्रतिबिंब उभं ताणलं जातं. म्हणून 90 अंशांचा मोशन ब्लर द्यायचा. किती द्यायचा, हे त्याच छायाचित्रात लिहिलेलं आहे: रस्त्याच्या दिव्यांच्या पाण्यातल्या रेघा पाहा. त्या जितक्या विस्कटल्या आहेत, तितकंच हे प्रतिबिंब विस्कटलं पाहिजे. ब्लरमुळे पांढरा गाभा राखाडी होतो, तो कर्व्ह्जने थोडा वर आणावा.

आणि आता भिंती. मला सगळ्यात जास्त आस्था याच भागाची आहे, कारण काम इथेच बिघडतं. इमारतींवर लाल ब्रश फिरवून तो लेयरही स्क्रीनमध्ये ठेवला की दर्शनी भागावर तांबूस धुकं बसतं. काळ्या खिडक्याही उजळतात. स्क्रीन भर घालतो. आतषबाजीचा उजेड थेट कॅमेऱ्यात येतो, तिथे हे बरोबर आहे. भिंतीवर पडणारा उजेड मात्र भिंतीच्या रंगाने गुणला जातो: फिकट गिलावा खूप उजळतो, अंधारी खिडकी जवळपास तशीच राहते. म्हणून इथे कर्व्ह्जचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्यायचा, लाल चॅनल उजळ भागात वर उचलायचा, काळं टोक जागेवरच ठेवायचं, आणि समुद्राकडे तोंड केलेल्या भिंतींपुरताच मास्क रंगवायचा. रंग घ्यायचा तो ठिणग्यांच्या कडेचा, कारण गाभा जळून पांढरा झालेला असतो.

एक इमारत जवळून पाहू. 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या आर्ट डेको इमारतींपैकी ही एक, पाच-सहा मजली, गोलाकार बाल्कन्या आणि खिडक्यांवर पुढे आलेले छज्जे. फूल या गच्चीपेक्षा उंच आहे, म्हणून छज्जाच्या खाली सावली हवी. पण ते दूरही आहे, म्हणून ती सावली आखूड, जेमतेम खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत. गल्लीकडे वळलेली बाजूची भिंत काळोखातच राहील. दिवा लागलेल्या खिडक्यांना हात लावायचा नाही, त्या आधीच उजळ आहेत.

हाच उजेड इमारत फुलापासून जितकी लांब, तितका कमी हवा, म्हणून मास्क नरिमन पॉइंटकडे विरत न्यायचा. आणि मूळ छायाचित्राचं शटर आठ सेकंद उघडं असेल, तर तेवढ्या वेळात एक लाल, एक हिरवं, एक सोनेरी अशी तीन फुलंही फुटू शकतात. तिन्ही आकाशात वेगवेगळी दिसतील, पण भिंतीवर त्यांचा उजेड एकत्र साठेल आणि रंग फिका, पिवळटाकडे झुकलेला होईल. अशा चित्रात भिंती नुसत्या लाल करून चालत नाही.