गाईडला लिहायचा तो माफीचा मेल

नमस्कार मंडळी. आज एका मेलबद्दल बोलू, जो रिसर्च करणारा जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी लिहितो आणि लिहायच्या आधी चार दिवस नुसता टाळतो. डेडलाईन हुकली, त्यात मीटिंगलाही गेलो नाही, आता गाईडला काय तोंड दाखवायचं, तो मेल.

एक केस धरा. पीएचडीची एक विद्यार्थिनी आहे, वीस मुलाखती घेतल्यात, त्यांचं कोडिंग करून, म्हणजे उत्तरांतल्या मुद्द्यांना लेबलं लावून, तिसऱ्या चॅप्टरचा ड्राफ्ट शुक्रवारी 8 मेला द्यायचा होता आणि मंगळवारी 12 ला त्यावर मीटिंग. ड्राफ्ट झाला नाही म्हणून ती मीटिंगलाही गेली नाही, आणि कळवलंही नाही. खरं तर बहुतेक वेळा असंच होतं, दोन चुका वेगळ्या नसतातच, पहिली लपवायला दुसरी होते. आणि इथेच मेल फसतो, कारण माणूस ताप, नेट, घरचं काम असं काहीतरी लिहून मीटिंगचं वेगळं कारण देतो आणि ड्राफ्टबद्दल गप्प बसतो. गाईडनी असे मेल ढीगभर वाचलेले असतात हो, त्यांना कळतं. खरंच आजारी होता तर एका वाक्यात सांगा की, पण नसाल तर नको.

तिनं बुधवारी सकाळी काय लिहावं ते सांगतो. नवीन मेल नको, मीटिंग ठरली होती त्याच मेलला रिप्लाय, म्हणजे मॅडमना मागचं शोधत बसायला नको. मग असं:

"मॅडम, नमस्कार. काल मीटिंगला आले नाही आणि कळवलंही नाही, तुमचा वेळ वाया गेला, त्याबद्दल माफ करा. चॅप्टर 3 चा ड्राफ्ट 8 तारखेला द्यायचा होता, तो झालेला नाही, आणि रिकाम्या हातानं यायचं म्हणून मी टाळलं. वीसपैकी तेरा मुलाखतींचं कोडिंग झालंय, सात बाकी आहेत. मधेच दोन कोड एकमेकांत मिसळतायत असं लक्षात आलं म्हणून आधीच्या मुलाखती परत बघाव्या लागल्या, उशीर त्यात झाला. तेरा मुलाखतींचं कोडिंगचं टेबल सोबत जोडलंय."

बस, माफी एवढीच. पानभर माफी मागितली की उलट गाईडलाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. आणि ते जोडलेलं टेबल कच्चं असलं तरी चालतं, काम खरंच कुठवर आलंय ते त्यातून दिसतं.

आता नवीन वेळापत्रक, आणि मला विचाराल तर सगळा मेल इथे ठरतो. अपराधी वाटत असताना माणूस हमखास लिहितो "रविवारपर्यंत पूर्ण देते". कुठून देणार? तिचा स्पीड आठवड्याला तीन मुलाखतींचा आहे, सात राहिल्यात, म्हणजे दोन आठवड्यांच्या वर लागणारच. म्हणून हिशोब आधी, तारीख नंतर. शिवाय 30 जूनला प्रोग्रेस रिपोर्ट जमा करायचाय, तो हलणार नाही, तर तिथून मागे मोजत यायचं आणि मॅडमना वाचायला लागणारा आठवडाही त्यात धरायचा, तो सगळेच विसरतात. मग ती लिहिते:

"शुक्रवार 15 मे पर्यंत चॅप्टरची दोन पानांची आउटलाईन पाठवते. 29 मे पर्यंत उरलेलं कोडिंग. 12 जूनला पूर्ण ड्राफ्ट. तुम्हाला वाचायला आठवडा मिळाला तर 22 किंवा 23 जूनला भेटता येईल, आणि रिपोर्टच्या आधी दुरुस्तीला आठवडाभर राहतो. त्याआधी आउटलाईनवर वीस मिनिटं बोलायचं होतं, सोमवारी 18 ला दुपारी तीननंतर किंवा मंगळवारी 19 ला सकाळी, तुम्हाला जमेल तेव्हा. 29 पर्यंत कोडिंग मागे पडतंय असं दिसलं तर मी 25 लाच कळवेन, आणि तेव्हा चॅप्टरचा शेवटचा भाग पुढे ढकलायचा का ते विचारेन."

बघा, "तुम्ही कधी फ्री आहात" असं विचारलंच नाही, दोन वेळा दिल्या, मॅडमना फक्त एक निवडायचीये. आणि ती 25 तारखेची ओळ मला सगळ्यात आवडते, कारण यावेळी अडलं तर ते आधी कळणार आहे.

पहिली तारीख मुद्दाम जवळची आणि छोट्या कामाची ठेवलीये. दोन पानं दोन दिवसांत होतात. उत्तर आलं नाही तरी 15 ला आउटलाईन जायलाच हवी, त्याच थ्रेडमध्ये, दोन ओळींसोबत, आणि त्यात परत माफी नको.