गव्हाळ म्हणजे कोणता गहू?

(सांगलीत झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, पाऊस थांबला म्हणून आलेले आणि पाऊस सुरू झाला म्हणून आत शिरलेले, अशा सगळ्यांना नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'त्वचेचा रंग आणि आफ्रिका'. त्वचेच्या रंगाचं सगळ्यात जास्त वैविध्य आफ्रिकेतच का, तिथवर पोचवतो. पण वाटेत आमच्या मावशीच्या लग्नाचा थांबा आहे आणि गाडी तिथे जरा जास्तच थांबते, हे आमच्या घरच्यांना माहीत आहे. त्या पहिल्या रांगेत बसून हसतायत बघा.

मी तेव्हा चौथीत होतो. आजोळ तासगावच्या बाजूला. मावशीला बघायला पाहुणे आले होते. मध्यस्थाने चिठ्ठीत रंग लिहिला होता 'गव्हाळ'. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाचे मामा म्हणाले, "पोरी, जरा खिडकीपाशी ये बघू, उजेडात." मावशी गेली. मामांनी मान वाकडी करून पाहिलं आणि आजोबांना म्हणाले, "गव्हाळ म्हणाला होतात. ही तर सावळी."

आजोबा काही बोलले नाहीत. आत गेले, कणगीतून मूठभर खपली काढली आणि मामांच्या पोह्यांच्या बशीशेजारी ओतली. लालसर, तपकिरी दाणे. म्हणाले, "हा आमचा गहू. तुमचा कुठला, लोकवन का?"

सोयरीक तिथेच मोडली. आजी आठ दिवस बोलली नाही. मला मात्र आजोबा फार आवडले, आणि माझी खात्री आहे की मी जीवशास्त्राकडे वळलो तो त्या मुठीमुळे. (बायको म्हणते, इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून.)

आता गंमत बघा. आपण रंगाला 'गव्हाळ' म्हणतो, आणि एका गुणाला अनेक जनुकं असतात हे ज्या प्रयोगांतून कळलं, त्यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग गव्हाच्या दाण्याच्या रंगावरच झाला. स्वीडनमधला निल्सन-एले, साधारण १९०९. त्याने लाल दाण्याचा आणि पांढऱ्या दाण्याचा गहू यांचा संकर केला. एका संकराच्या दुसऱ्या पिढीत ६४ दाण्यांमागे एकच पांढरा निघाला. बाकीचे ६३ लालच, पण एकसारखे नव्हे. गडद लाल, फिका लाल, आणि मधल्या सगळ्या छटा. मेंडेलच्या वाटाण्यासारखं पिवळा तरी नाहीतर हिरवा तरी, असं नाही. तीन जनुकं, प्रत्येक थोडाथोडा लाल घालणारं.

मावशीचं पुढे लग्न झालं, चांगलं झालं. काकाही तिच्याच रंगाचे. मुली दोन. थोरली उजळ, धाकटी मावशीपेक्षाही सावळी. आजीचं निदान ठरलेलं, "धाकटीच्या वेळी केशर मिळालं नाही." दोष दुकानदाराचा! माझी इथे जुनी तक्रार आहे. घरात एक मूल वेगळ्या रंगाचं झालं की आपण कारण शोधतो. केशर, ग्रहण, आणि फार झालं तर आईवर संशय. कारण लागतच नाही. करून दाखवतो.

ही रुपयाची सहा नाणी. पहिल्या रांगेत तीन 'आई'कडे द्या, तीन 'बाबां'कडे. दोघंही मध्यम रंगाचे, म्हणजे तीनही जनुकांची एक प्रत गडद, एक उजळ. मुलाला प्रत्येक जोडीतली एकच प्रत मिळते, कुठली ते नशिबावर. छापा पडला तर गडद. उडवा. किती छापे? चार. म्हणजे हे पोर आईबाबांपेक्षा जरा सावळं. पुन्हा. दोन! हे जरा उजळ. ही आमची धाकटी आणि ही थोरली, तुमच्या डोळ्यांदेखत जन्मल्या, केशराचा खर्च शून्य.

एकूण ६४ जुळण्या होतात. त्यातल्या फक्त २० मध्ये मूल नेमकं आईबाबांच्या रंगाचं. एक पायरी गडद १५, एक पायरी उजळ १५. दोन पायऱ्या इकडे ६, तिकडे ६. अगदी टोकाचं एकेक. म्हणजे दोन तृतीयांश मुलं आईबापांसारखी नसणार, हाच नियम. बारावीच्या पुस्तकात हे कोष्टक आहे, आपण ते पाठ करतो आणि घरी येऊन केशर मागवतो.

पुस्तक एक गोष्ट मात्र सोपी करून सांगतं. जनुकं तीन नाहीत, कितीतरी जास्त आहेत, आणि सगळ्यांचा वाटा सारखा नाही. शिवाय ऊन आपलं काम करतंच. म्हणून संशोधक दंडाची आतली बाजू बघतात. तिथे प्रकाश टाकून किती परत येतो ते यंत्राने मोजतात, मामांसारखं खिडकीपाशी नेत नाहीत.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. बरं, आफ्रिका.

२०१७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. इथिओपिया, टांझानिया, बोट्सवाना इथल्या दोन हजारांहून जास्त माणसांचे रंग असे यंत्राने मोजले होते. एकाच खंडात पूर्वेकडचे निलोटिक भाषा बोलणारे पशुपालक, जगातल्या सर्वांत गडद लोकांपैकी, आणि दक्षिणेतले सान लोक, त्यांच्या मानाने कितीतरी उजळ. गुणसूत्रांवरच्या चार जागा सापडल्या. चारही मिळून रंगातल्या फरकाचा सुमारे २९ टक्के भागच उलगडला. त्यातली एक, एसएलसी२४ए५ या जनुकाची, एकटीच १३ टक्क्यांच्या आसपास. उरलेला फरक बारीक वाट्याच्या बऱ्याच जनुकांत विखुरलेला आहे.

या एसएलसी२४ए५ची उजळ प्रत युरोपात जवळजवळ प्रत्येकाकडे आहे, आणि आपल्याकडे सरमिसळ. एकाच घरात एकाला दोन, एकाला एक, एकाला एकही नाही. पूर्व आफ्रिकेत ती पश्चिम आशियातून परतलेल्या लोकांबरोबर गेली. पण बाकीच्या जागांवरच्या कितीतरी प्रती, उजळ आणि गडद दोन्ही, आफ्रिकेतच तयार झाल्या, आणि काही तीन लाख वर्षांहून जुन्या आहेत. म्हणजे साधारण आपली मानव प्रजाती उभी राहण्याआधीपासूनच्या. 'आधी सगळे काळे, मग बाहेर पडून गोरे' ही सरळ रेघ पुसावी लागते.

आता आजोबांची मूठ आठवा. कणगी म्हणजे आफ्रिका. माणूस सर्वांत जास्त काळ तिथेच राहिला, तिथेच बदल साठत गेले. बाहेर पडलेली टोळी लहान होती, म्हणजे कणगीतली मूठ. मुठीत काही वाण आले, बरेच मागे राहिले. जगभरचे बाकीचे लोक त्या मुठीचं पीक, त्यात नंतर थोडे नवे बदल. एमएफएसडी१२ या जनुकाजवळच्या गडद प्रती आफ्रिकेत आहेत, दक्षिण आशियात आहेत, मेलानेशियातही आहेत. त्या मुठीतूनच तिथवर पोचल्या असाव्यात. शिवाय आफ्रिकेत रानं सारखी नाहीत. विषुववृत्तावरचं ऊन वेगळं, दक्षिण टोकाचं वेगळं, त्यामुळे निवडही ठिकठिकाणी वेगळी झाली.

एक अपवाद सांगतो, नाहीतर उद्या कुणी विद्यार्थी मला धरेल. एमसी१आर नावाचं जनुक आहे. त्याच्या प्रथिनात आफ्रिकेत फरक जवळजवळ नाहीतच. फरक युरोपात आहेत, तांबड्या केसांचे लोक त्यातलेच. कडक उन्हात हे जनुक बिघडलं तर रंगद्रव्य कमी पडतं आणि ती प्रत टिकत नाही. युरोपच्या मंद उन्हात तसा बिघाड खपून गेला. तेव्हा एकच जनुक बघून वैविध्य मोजायला गेलात तर आफ्रिका कोरडी दिसेल. सगळी मिळून बघायची.

अध्यक्ष उभे राहिलेच. पहिल्या रांगेतल्या आई-बाबांनी माझी नाणी जाताना टेबलावर ठेवावीत. पाच दिसतायत, सहावं खुर्चीखाली बघा.