'करतोय'मधला य आणि 'हवंय'मधला य

मंडळी, आपल्या सोलापुरातल्या एका चादर-व्यापाऱ्याचा मुलगा माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला येत असे. एकदा माझ्यासमोरच त्याला बाहेरच्या एका खरेदीदाराचा फोन आला. तो म्हणाला, 'आय ॲम नॉट नोइंग द रेट, सर. माय फादर इज नोइंग. यू आर वॉन्टिंग हाउ मेनी पीसेस?' मग मोठ्या अभिमानानं, 'धिस शॉप इज बिलाँगिंग टू अस.' एका दमात चार वेळा 'इंग'. सौदा झाला, हेही सांगून टाकतो. अशा चुकांनी धंदा बुडत नाही. पण ऐकणाऱ्याला चटकन कळतं, की हा माणूस मनात मराठीच बोलतोय.

आता त्याच्या मनातलं मराठी वाक्य बघा. 'मला माहीत नाहीये.' 'तुम्हाला किती हवंय?' 'दुकान आमचं आहे.' एकाही वाक्यात कुणी काही करत नाही, तरी प्रत्येकात 'आहे' आहे, कुठे उघड, कुठे वितळलेलं. शाळेत आपल्याला काय घोकायला लावलं? शेवटी 'त आहे' दिसलं, की ॲम-इज-आर लावा आणि क्रियापदाला इंग जोडा. 'तो येत आहे' म्हणजे 'ही इज कमिंग'. नियम ठीक आहे, पण आपल्या 'आहे'ला एकाच वेळी तीन नोकऱ्या आहेत हे कुणी सांगितलं नाही. 'येत आहे'मध्ये तो चालू क्रिया दाखवतो. 'आलो आहे'मध्ये झालेली क्रिया दाखवतो. आणि 'मी सोलापूरचा आहे' इथे तो फक्त दोन शब्द जोडतो. इंग्रजीचं इंग ह्यातल्या पहिल्याच नोकरीला लागतं.

'माहीत आहे' तर आणखी फसवं. 'पाहत आहे' आणि 'माहीत आहे' शेजारी ठेवून म्हणून बघा. दोन्हींच्या शेवटी 'त आहे'. पण 'पाहत' हे 'पाहणे'चं रूप आहे, आणि 'माहीणे' असं काही क्रियापदच नाही. त्यातून बोलताना आपण 'आहे' गिळतो आणि नुसता य उरतो. करतोय, येतोय, हवंय, माहितीय. कानाला चारही य सारखेच. मग पोरगं चौघांनाही इंग लावतं, त्यात त्याचा काय दोष?

इंग्रजी ह्या क्रियापदांना इंग का लावू देत नाही? 1957 साली झीनो व्हेंडलर ह्या तत्त्वज्ञानं क्रियापदांचे काळाशी असलेल्या नात्यावरून चार गट पाडले. त्यातला एक गट स्थितीचा. धावण्याला टप्पे असतात. आत्ता हा पाय पुढे, मग तो. ठाऊक असण्याला टप्पे नसतात. रेट ठाऊक आहे म्हणजे ठाऊक आहे. सकाळपासून दुपारपर्यंत तेच. इंग क्रियेच्या मधोमध उभं राहून बघतं, आणि जिथे टप्पेच नाहीत तिथे मध्य कुठून आणायचा? म्हणून 'व्हॉट आर यू डुइंग' ह्या प्रश्नाला 'आय ॲम नोइंग' हे उत्तर होऊ शकत नाही.

हीच कसोटी आपल्या बोलीत जास्त चोख लागते. पुण्याची मराठी इथे कमी पडते, असं माझं मत आहे. आपण विचारतो, 'काय करायलास बे?' उत्तर येतं, जेवायलोय, लिहायलोय, गाडी पुसायलोय. आता 'माहीत'ला 'आयलंय' लावून दाखवा. 'हवं'ला लावा. 'दुकान आमचं आहे'ला लावा. जीभच वळत नाही. कारण आपलं 'आयलोय' खऱ्या चालू क्रियेलाच चिकटतं, त्यात 'आहे'चा घोळ नाही. 'आयलोय' बसत नसेल, तर इंगही नको. नो, वॉन्ट, बिलाँग आणि मालकीचा हॅव, एवढे इथेच गळतात.

पण सगळे गळत नाहीत. 'मला आठवायलंय', 'मला दिसायलंय', 'मला कळायलंय' हे आपण खुशाल म्हणतो, आणि इंग्रजीत 'आय ॲम रिमेंबरिंग', 'आय ॲम अंडरस्टँडिंग' खटकतं. इथे वाक्याच्या दुसऱ्या टोकाला बघायचं. सुरुवात 'मी'नं आहे की 'मला'नं? 'मी विचार करतोय' म्हणजे 'आय ॲम थिंकिंग'. 'मला वाटतंय' म्हणजे 'आय थिंक'. 'मी बघतोय' म्हणजे 'आय ॲम लुकिंग', आणि 'मला दिसतंय' म्हणजे 'आय सी' किंवा 'आय कॅन सी'. जे आपण करतो त्याला मराठी 'मी' लावते आणि जे आपल्याला होतं त्याला 'मला'. इंग्रजी दोन्हीकडे 'आय'च वापरते आणि तो फरक क्रियापदाच्या रूपातून दाखवते. म्हणजे हा फरक आपल्याला आईच्या मांडीवरच कळलेला असतो. इंग्रजी बोलताना तो कुठे ठेवायचा तेवढं सापडत नाही. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचं 'नाकु तेलुसु' आणि कन्नड बोलणाऱ्यांचं 'ननगे गोत्तु' हेही 'मला'चंच कूळ आहे.

ह्या 'मला'च्या कसोटीला भोकं आहेत, तीही दाखवतो. अंगात काही घडत असेल तर ती फसते. 'मला घाम येतोय' म्हणजे 'आय ॲम स्वेटिंग', 'मला बरं वाटत नाहीये' म्हणजे 'आय ॲम नॉट फीलिंग वेल', आणि दोन्ही बरोबर. उलट बाजूनं, 'मी त्यांना ओळखतो' हे 'मी'चं वाक्य असूनही 'नो'ला इंग लागत नाही. त्यातून 'मी त्यांना दहा वर्षांपासून ओळखतोय' म्हणायचं झालं, की आपण हमखास 'आय ॲम नोइंग हिम सिन्स टेन इयर्स' म्हणतो. इंग्रजीत ते 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स'. मागून चालत आलेल्या आणि अजून टिकलेल्या स्थितीला मराठी वर्तमानकाळ वापरते, इंग्रजी नाही. ही चूक मुरलेल्या शिक्षकांच्याही तोंडी असते. माझ्याही होती.

'बिलाँग'बद्दल एक सांगतो. 'आय ॲम बिलाँगिंग टू सोलापूर' चूक, हे लोक लवकर शिकतात आणि 'आय बिलाँग टू सोलापूर' म्हणू लागतात. व्याकरण सुधारलं, पण नुसतं गाव सांगायचं असेल तर इंग्रज 'आय ॲम फ्रॉम' एवढंच म्हणेल. 'सोलापूरचा आहे'मधलं 'आहे' तिथे जसंच्या तसं चालतं. मध्ये क्रियापद घुसडायची गरजच नाही.

परत त्या मुलाकडे येतो. 'वी आर हॅविंग टू शेड्स ऑफ मरून' हे मी त्याचं मोडून काढलं. मालकी आहे, इंग नको, 'वी हॅव' म्हण. आठवड्याभरात त्याची सवय गेली. मग एका दुपारी पुन्हा त्या खरेदीदाराचा फोन आला, आणि पोरगं ठणठणीत आवाजात म्हणालं, 'माय फादर हॅज लंच.' पलीकडे बहुतेक गोंधळ उडाला असावा, कारण ह्यानं तेच वाक्य आणखी दोनदा म्हटलं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, 'वडील काय करत होते रे?'

'जेवायले होते, सर.'

'मग आयलंय बसतंय की. इथे हॅव म्हणजे जेवणं. इज हॅविंग लंच म्हणायचं होतं.'

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, 'सर, हॅविंग तर तुम्हीच बंद केलं होतं.'