जुनं पोर्टल आणि सहीचं मुकं बटण

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी खात्याचं किंवा बँकेचं जुनं पोर्टल उघडतं, लॉगिन होतं, अर्जही पूर्ण भरून होतो. शेवटी डिजिटल सहीचं बटण दाबावं, तर काहीच घडत नाही. चूक सांगणारा संदेशसुद्धा येत नाही. मग पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतली ओळ दिसते, की हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालतं. आज मी एवढ्या एकाच प्रसंगाविषयी बोलणार आहे. अशा वेळी मुदत संपत आलेली असते, माणूस घायकुतीला आलेला असतो, आणि मिळेल तो सल्ला ऐकून तो आपल्या संगणकाचं संरक्षण स्वतःच्या हातानं काढून टाकतो. ते होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

बटण मुकं का राहतं ते आधी पाहू. सहीची किल्ली पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनमध्ये असते आणि साध्या वेबपानाला त्या टोकनपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून त्या काळात पानासोबत एक छोटा प्रोग्राम, म्हणजेच घटक, येई, त्याचं नाव अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल. तो ब्राउझरच्या आत चाले, पण संगणकावरचे त्याचे अधिकार जवळपास तुमच्याइतकेच असत. पाहुण्याला बैठकीच्या खोलीत बसवण्याऐवजी घराच्या सगळ्या किल्ल्या द्याव्यात, तसं ते होतं. आजचे ब्राउझर हा प्रकार मुळीच ओळखत नाहीत. दक्षिण कोरियात तर सरकारी आणि बँकांच्या सेवा अनेक वर्षं अशा घटकांवर अवलंबून होत्या. त्यांच्याशी जोडलेली, सहीसाठीच्या अधिकृत डिजिटल प्रमाणपत्रांची पद्धत डिसेंबर २०२० मध्ये कायद्यानं संपवावी लागली.

इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज १० च्या बहुतेक संगणकांवर तो कायमचा बंद झाला. पण पान उघडून दाखवणारं त्याचं इंजिन विंडोजमध्ये शिल्लक आहे, आणि एज ब्राउझर ते एका टॅबपुरतं वापरू शकतो. यालाच आयई मोड म्हणतात. किमान २०२९ पर्यंत तो राहील असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं आहे. तो फक्त विंडोजवर चालतो, फोनवर किंवा मॅकवर नाही.

आयई मोडकडे वळण्याआधी पोर्टलचं सूचनांचं पान जरूर वाचा. कित्येक पोर्टलांनी जुना घटक काढून सहीचा वेगळा प्रोग्राम दिलेला असतो. तो संगणकावर एकदा बसवायचा, मग कोणताही आधुनिक ब्राउझर त्याच्याशी संगणकाच्या आतल्या आतच बोलतो आणि तो टोकनकडून सही करून घेतो. असा प्रोग्राम उपलब्ध असेल तर तोच निवडा. सही करण्यापुरता तो कामाला येतो आणि जुनं इंजिन जागं करावं लागत नाही. काही ठिकाणी ओटीपीनं पडताळणी करून टोकनशिवायही काम होतं.

यातलं काहीच नसेल, तर एजच्या सेटिंगमध्ये `Default browser` या भागात जा. तिथे `Allow sites to be reloaded in Internet Explorer mode` या पर्यायासमोर `Allow` निवडा आणि ब्राउझर पुन्हा सुरू करा. मग खालच्या `Internet Explorer mode pages` या यादीत `Add` दाबून पोर्टलच्या लॉगिन पानाचा पत्ता घाला. लॉगिनचाच पत्ता मुद्दाम सांगतो आहे. साध्या टॅबमध्ये लॉगिन करून मधूनच आयई मोडमध्ये गेलात, तर लॉगिनची ओळख सहसा सोबत जात नाही आणि पोर्टल तुम्हाला बाहेर काढतं. पुष्कळ जण इथेच अडकतात आणि पासवर्ड चुकला असं समजून बसतात.

पान योग्य प्रकारे उघडलं, तर पत्त्याच्या डावीकडे इंटरनेट एक्सप्लोररचं चिन्ह दिसतं. चिन्ह नसेल तर तुम्ही अजून साध्याच ब्राउझरमध्ये आहात. त्या चिन्हावर क्लिक केलं की कम्पॅटिबिलिटी व्ह्यूचा पर्यायही मिळतो. पान वेडंवाकडं दिसत असेल, रकाने एकमेकांवर चढले असतील, तरच तो उपयोगी पडतो. त्यानं पान आणखी जुन्या पद्धतीनं मांडलं जातं. मुकं बटण मात्र त्यानं बोलू लागत नाही, त्यासाठी घटकच हवा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. यादीतली नोंद ३० दिवसांनी आपोआप निघून जाते. महिन्याभरापूर्वी चालणारं पोर्टल अचानक मुकं झालं, तर सगळ्यात आधी ही यादी तपासा.

आता सांभाळायचं कुठे ते सांगतो. २०२५ मध्ये हल्लेखोरांनी नेमक्या याच सोयीचा फायदा घेतला. खऱ्यासारखं दिसणारं खोटं संकेतस्थळ दाखवून ते लोकांना आयई मोडमध्ये पान उघडायला सांगत, आणि जुन्या इंजिनातल्या दोषातून संगणकाचा ताबा घेत. म्हणून मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरकर्त्यांसाठी मेनूतली झटपट बटणं काढून टाकली. जुन्या व्हिडिओत दाखवलेलं बटण तुम्हाला सापडत नसेल, तर त्याचं कारण हे आहे. कुणी फोनवरून किंवा एखाद्या पानावरून तुम्हाला हा मोड सुरू करायला सांगत असेल, तर काम तिथेच थांबवा. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा, मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका, आणि घटक फक्त पोर्टलच्याच पत्त्यावरून घ्या. बसवताना विंडोज प्रकाशकाचं नाव दाखवतं. ते अज्ञात असेल तर नकार द्या.

दोन सल्ले तर बिलकूल मानू नका. एक म्हणजे इंटरनेट ऑप्शन्समध्ये जाऊन अ‍ॅक्टिव्हएक्सच्या सगळ्या ओळी सरसकट चालू करणे. इंटरनेट झोनमध्ये, म्हणजे सर्वसाधारण संकेतस्थळांच्या गटात, केलेला हा बदल त्या इंजिनात उघडणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाला लागू होतो. अगदीच गरज पडली, तर पोर्टलचा एकच पत्ता ट्रस्टेड साइट्समध्ये घाला आणि बदल तेवढ्याच झोनपुरता ठेवा. दुसरा सल्ला टीएलएस १.० पुन्हा चालू करण्याचा. पासवर्ड आणि खात्याची माहिती वाटेत वाचता येऊ नये म्हणून जे कुलूप लागतं, त्याची ही कालबाह्य आवृत्ती आहे. पोर्टल त्यावरच अडून बसलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पैशांचा व्यवहार तिथे करू नका, शाखेत किंवा कार्यालयात जाऊन काम करा. अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्या सूचनेलाही माझं हेच उत्तर आहे.

ज्यांना हे काम दर महिन्याला करावं लागतं, त्यांनी शक्य असेल तर जुना पण अद्ययावत विंडोज असलेला संगणक त्यासाठी वेगळा ठेवावा. तेवढी सोय नसेल, तर निदान विंडोजमध्ये अ‍ॅडमिन अधिकार नसलेलं वेगळं खातं उघडावं. घटक बसवताना एकदा अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागेल, पुढचं काम साध्या खात्यातून होतं. त्या खात्यात ईमेल उघडायचा नाही, दुसरं कुठलंही संकेतस्थळ पाहायचं नाही. सही झाली, पावती डाउनलोड झाली, की टोकन काढून घ्यायचं, पान बंद करायचं आणि यादीतून नोंद पुसायची.

आणि पोर्टलच्या मदत कक्षाला एक लेखी पत्र जरूर पाठवा. सहीसाठी नेमका कोणता घटक लागतो, त्याच्याऐवजी वेगळा सही-प्रोग्राम केव्हा येणार, आणि तोवर कागदी अर्ज स्वीकारला जाईल का, हे तीन प्रश्न त्यात विचारा. बटण दाबल्यावर काय दिसलं त्याचा स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ सोबत जोडा. मुदत चुकलीच, तर अडचण पोर्टलची होती हे दाखवायला तोच कागद तुमच्या हाती राहील.