पंखा बंद केल्यावर ऐकू येणारा तिसरा ठोका

नमस्कार श्रोतेहो.

छाती तपासायला घेतली की मी आधी पंखा बंद करायला सांगतो. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरांना गार वाजतंय. पण मला जे ऐकायचं असतं ते इतकं खालच्या पट्टीतलं असतं, की पंख्याच्या घरघरीत ते हमखास बुडतं.

हृदयाचे दोन ठोके सगळ्यांना ठाऊक आहेत, लब आणि डब. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटतात तेव्हा लब. रक्त बाहेर ढकलून झालं, की महाधमनीच्या आणि फुफ्फुसाकडच्या धमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात, तेव्हा डब. पण कधी कधी कानाला तीन ठोके लागतात. हा तिसरा कुठून आला, ते रुग्णाच्या उशाशी बसून कसं ओळखायचं, त्याबद्दल आज बोलतो.

करवीर तालुक्यातले चौसष्ट वर्षांचे एक गुऱ्हाळवाले काका माझ्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. म्हणाले, "डॉक्टर, आडवं झालं की कोंडतंय बघा. रात्री दोन-दोनदा उठून बसतोय." त्यांना डाव्या कुशीवर वळवलं. हृदयाचं टोक छातीवर जिथं आपटतं ती जागा बोटानं शोधली, तर ती नेहमीपेक्षा खाली आणि काखेकडं सरकलेली. तिथं स्टेथोस्कोपची वाटीसारखी बाजू, म्हणजे बेल, नुसती टेकवली आणि त्यांना श्वास हळूच सोडायला लावला. लब, डब आणि डबच्या पाठोपाठ एक बोदा दणका. लब-डब-धु, लब-डब-धु. ऐकू आला म्हणण्यापेक्षा तो कानाला जाणवला म्हणावं. मग बेल जोरानं दाबली. दणका गेला. हात सैल सोडला, पुन्हा आला.

दाबल्यावर तो का जातो, तर बेल दाबली की खालची कातडी ताणून ढोलकीच्या पुडीसारखी होते आणि खालच्या पट्टीतले आवाज गाळते. म्हणून हा तिसरा ठोका आणि ज्याच्याबद्दल पुढं बोलणार आहे तो चौथा, दोन्ही हलक्या हातानंच ऐकायचे. शिकाऊ डॉक्टर नेमकं उलटं करतात. ऐकू येत नाही म्हणून आणखी दाबतात, आणि होतं तेही घालवतात.

तिसरा ठोका दुसऱ्यानंतर साधारण 0.15 सेकंदानं येतो. हृदय सैल पडून खालचा कप्पा झपाट्यानं भरत असतो, आणि आत धावणारं रक्त एकदम अडतं, तेव्हाचा तो आवाज. काकांचा कप्पा अटॅकनं दुबळा होऊन फुगला होता. आधीचंच रक्त पुरतं बाहेर गेलेलं नाही आणि त्यात नवं दाबानं येऊन पडतंय. मानेची शीर फुगलेली, फुफ्फुसांच्या तळाशी बारीक करकर. एवढं जुळल्यावर हृदय कमी पडतंय असं म्हणायला मी इकोची वाट बघितली नाही. इको केलाच, आणि त्यात डावा कप्पा मोठा आणि मंद दिसला. लघवीची इंजेक्शनं दिल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा ऐकलं, दोनच ठोके होते. पण एक लक्षात घ्या. हृदय कमी पडलेल्या कितीतरी रुग्णांत हा ठोका मिळतच नाही. मिळाला तर धरायचा, नाही मिळाला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

त्याच आठवड्यात तालमीतला एकोणीस वर्षांचा पैलवान आला, सर्टिफिकेटसाठी. त्यालाही अगदी तस्साच तिसरा ठोका! पण हा पोरगा रोज पाचशे जोर मारणारा. दम नाही, मानेची शीर सपाट, हृदयाचं टोक जागच्या जागी. त्याला उभं केलं, तसा ठोका विरून गेला, कारण उभं राहिल्यावर हृदयाकडं परतणारं रक्त कमी होतं. लहान मुलांत आणि तरुणांत कप्पा लवचीक असतो, तो जोमानं भरतो आणि भरताना आवाज करतो. गरोदर बाईतही हा ठोका मिळतो. चाळिशीनंतर मात्र मी त्याला सहज सोडत नाही.

चौथा ठोका लबच्या ऐन आधी येतो. ध-लब डब, ध-लब डब. वरचा कप्पा शेवटचा रेटा देतो आणि खालचा कप्पा ताठर असल्यामुळं तो रेटा वाजतो. वर्षानुवर्षं बीपी वाढलेल्या माणसात, जाड झालेल्या हृदयात तो सापडतो. रेटा वरच्या कप्प्याचा, म्हणून वरचा कप्पा नुसताच थरथरत असेल, नाडी पूर्ण अनियमित असेल, तर चौथा ठोका येऊच शकत नाही. अशा नाडीत कुणी मला चौथा ऐकला म्हणून सांगितलं, तर मी त्याला परत ऐकायला पाठवतो.

आता तिसरा वाटावा असा आणखी एक आवाज असतो, तो म्हणजे फुटलेला डब. डब हा मुळात दोन झडपांचा आवाज. श्वास आत घेतला की छातीत रक्त जास्त ओढलं जातं, उजव्या कप्प्याला रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि फुफ्फुसाकडची झडप मागाहून मिटते. फरक असतो 0.03 ते 0.05 सेकंदाचा. श्वास सोडला की दोन्ही पुन्हा एक. हा आवाज टोकाशी नाही, तर डाव्या बाजूला दुसऱ्या बरगडीखाली मिळतो, आणि तो कोरडा, टणक असतो. म्हणून तिथं चपटी बाजू दाबून धरायची. श्वास मात्र रोखायला सांगायचा नाही, संथ चालू ठेवायचा, कारण सगळी गंमत श्वासातच आहे.

इथं माझीच एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला कॉलेजातली एक मुलगी तपासली. डब फुटलेला, श्वास सोडतानाही फुटलेलाच. झोपलेल्या तरुण माणसात असं असू शकतं, हे वाचलेलं होतं, म्हणून सोडून दिलं. तिला उठवून बसवायला हवं होतं. निरोगी माणसात बसल्यावर श्वास सोडताना डबच्या दोन आवाजांमधली फट मिटते. तिची मिटली नसती. काही वर्षांनी दुसरीकडं इको झाला आणि वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक निघालं. त्या भोकातून डावीकडचं रक्त कायम उजवीकडं जातं, म्हणून फुफ्फुसाकडची झडप कायम उशिरा मिटते. श्वासाबरोबर होणारी वाढ-घट भोकामुळं दोन्ही बाजूंना वाटली जाते, त्यामुळं फट हलत नाही. तेव्हापासून दुसरा ठोका मी झोपवून ऐकतो, आणि बसवूनही ऐकतो.

गुऱ्हाळवाले काका पुढच्या हंगामात परत आले. वजन तीन किलोनं वाढलेलं, पायावर बोट दाबलं की खळगा पडत होता. मी काही विचारायच्या आत काकी म्हणाल्या, "लघवीची गोळी सोडलीया त्यांनी. काहील चुलवणावर असताना सारखं उठाय येत न्हाई म्हणत्यात." मी पंखा बंद केला, काकांना डाव्या कुशीवर वळवलं, बेल हलक्यानं टेकवली. लब-डब-धु.